काका उपाशी आहेत ना?

इंदूरमध्ये पोटाच्या सोनोग्राफीचे खरे शत्रू दोन आहेत. रात्री सराफ्यातली खाऊगल्ली आणि सकाळी पोहे-जलेबी. या दोघांच्या मधे सहा ते आठ तास काहीही न खाता कोणी काढले, तर माझ्या दृष्टीनं ती तपश्चर्याच. मी सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते, त्यामुळे तपश्चर्या मोडलेली माणसं मला रोज दिसतात. पण आज तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार आहे अपॉइंटमेंट बदलायच्या निरोपांबद्दल.

निरोप साधारण असा येतो: ‘नमस्कार. काही अपरिहार्य कारणामुळे उद्या येणं जमणार नाही. तरी लवकरात लवकर दुसरी वेळ मिळावी ही नम्र विनंती.’ भाषा किती सुंदर! व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ रात्री 11:52. मी तो वाचते दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला. आता उद्या म्हणजे कोणता उद्या? आज, की खरोखरचा उद्या? नाव नाही. नंबर मुलाचा, फाइल वडिलांची, आणि फोटोत गणपती. गणपतीच्या नावावर आमच्याकडे एकही फाइल नाही.

काहीजण लिहायच्या भानगडीत पडत नाहीत, बोलून पाठवतात. पावणेतीन मिनिटांच्या त्या निरोपात कुकरच्या चार शिट्या, भाचीच्या सासरची माहिती आणि अगदी शेवटी, पाचवी शिट्टी होता होता, तारीख. न येण्याचं कारण एका ओळीत पुरतं हो. ‘त्या दिवशी घरात साखरपुडा आहे’ एवढं कळलं की काउंटरला वाईट वाटत नाही आणि पत्रिकाही नको असते.

खरी गंमत पुढच्या वाक्यात असते: ‘आणि कॅन्सलेशनच्या यादीतही नाव टाका.’ लोकांना ही यादी रेल्वेच्या वेटिंगसारखी वाटते. नाव टाकलं, झोपलो, सकाळी आपोआप कन्फर्म. आमच्याकडे आपोआप काही होत नाही. नऊ वाजता कोणाचा तरी ‘येत नाही’ असा फोन येतो, साडेदहाची जागा मोकळी होते आणि मी यादी घेऊन वरून खाली फोन लावत सुटते. जो उचलतो, जो ‘हो’ म्हणतो आणि जो वेळेत पोचू शकतो, त्याची ती जागा. ‘घरात विचारून सांगतो’ म्हणणाऱ्याचं घर विचार करेपर्यंत जागा खालच्या नावाला गेलेली असते.

आणि पोटाच्या तपासणीत चौथी अट आहे, ती म्हणजे उपाशी असणं. नऊला फोन येईल हे आठ वाजता कुणाला माहीत असतं? आठ वाजता इंदूरचा माणूस पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवत असतो. पोहे, वर शेव, बाजूला जलेबी. पित्ताशयाला याहून मोठं आमंत्रण नाही. तेलातुपाचं काही पोटात गेलं की ते आकसून आपलं पित्त आतड्यात सोडतं. भरलेलं पित्ताशय पडद्यावर छान फुगलेलं दिसतं, आत खडा असेल तर उठून दिसतो. आकसलेलं असलं की भिंत जाड वाटते आणि बारीक खडे नजरेतून निसटतात. वर पोटातला वायू मधे आला की स्वादुपिंडही झाकलं जातं. मग तपासणीच्या खोलीतून आवाज येतो, ‘यांना पुन्हा उपाशीपोटी बोलवा,’ आणि ती जागा दोनदा वाया जाते.

‘फक्त चहा घेतला’ हे आमच्याकडचं सर्वांत लाडकं वाक्य. चहा दुधाचा असतो आणि दुधात साय असते. साधं पाणी चालतं. चहा म्हणजे पाणीच, हा युक्तिवाद पित्ताशय मानत नाही.

म्हणून निरोप असा हवा. मागच्या आठवड्यात एका सूनबाईंनी पाठवला होता, तो मी काउंटरच्या काचेला आतून चिकटवून ठेवणार आहे:

‘फाइल 1184, माझे सासरे, वय 67. गुरुवार 20 नोव्हेंबर, सकाळी 10:15, पूर्ण पोटाची सोनोग्राफी. त्या दिवशी घरात साखरपुडा असल्यानं येता येणार नाही. ही वेळ सोडत आहोत. कृपया बुधवार 26 ला सकाळची वेळ पक्की द्या. त्याआधी कोणी रद्द केल्यास शुक्रवार 21 आणि मंगळवार 25 या दोन दिवशी आम्हाला फोन करा. दोन्ही दिवशी ते सकाळी 11 पर्यंत उपाशी राहतील. 11 पर्यंत फोन आला नाही तर जेवायला बसतील. घर सुदामानगरला, निघाल्यापासून अर्ध्या तासात पोचू. फोन माझ्याच नंबरवर, मीच उचलते. आधीची जागा मिळाली तर 26 ची दुसऱ्याला द्या.’

यात नमस्कार नाही, हे खरं. पण बाकी सगळं आहे. ‘ही वेळ सोडत आहोत’ हे चार शब्द लोक लिहीतच नाहीत. मग जुनी जागा अडून राहते आणि मी भीतभीत विचारत बसते. दुसरी चलाखी म्हणजे आधी पक्की तारीख मागितली, मग यादी. नुसत्या यादीवर विसंबलं आणि त्या आठवड्यात कोणी रद्दच केलं नाही, तर हातात काही उरत नाही. आणि तिसरी, दोनच दिवस दिले. ‘कधीही बोलवा, आम्ही तयार’ म्हणणारा माणूस रोज अकरापर्यंत उपाशी बसू शकत नाही. तिसऱ्या दिवशी तो पोह्यांना शरण जातोच.

दुपारची जागाही यादीत मागता येते, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. सकाळी आठपर्यंत हलकं खाऊन मग काही नाही, तर चारची जागा चालते. फक्त तसं निरोपात लिहायला हवं, नाहीतर मी फोनच करत नाही.

मधुमेह असेल तर मात्र ही उपाशी बसून वाट बघण्याची कसरत नको. गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर घसरू शकते. त्यांनी तसं निरोपातच लिहावं, सकाळच्या पहिल्या जागेची पक्की तारीख मागावी आणि औषध कधी घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारावं, मला नाही. आणि दुखण्याबरोबर ताप, सारख्या उलट्या किंवा डोळे पिवळे झाले असतील, तर यादीत कसलं नाव टाकताय, सरळ डॉक्टरांकडे जा.

तर 1184. मी उत्तर पाठवलं: ‘26 ला 10:15 पक्की. यादीत 21 आणि 25.’ शुक्रवारी 21 ला नऊ चाळीसला एक जागा सुटली, साडेदहाची. फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

‘ताई, निघतोच आम्ही.’

‘काका उपाशी आहेत ना?’

‘हो, हो. अगदी.’

मागून भांड्याचा आवाज आला. बशीत काहीतरी ओतल्यासारखा.

‘थांबा हं, ताई,’ सूनबाईंचा आवाज बदलला. ‘बाबा, ते काय आहे?’

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी पेन्सिल उचलली आणि यादीतलं पुढचं नाव बघितलं.