अंड्याचं अत्तर

भरल्या घरात, लेकीचा बिनअंड्याचा केक नुकता वाटून झालेला असताना, यांच्या आत्याबाईंनी बशी नाकाशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अंड्याचा वास येतोय गं." माझ्या जावेचा चमचा तोंडाकडे जाता जाता थांबला. तो मला अजून दिसतो.

वास्तविक आत्याबाई सकाळपासून माझ्या ओट्याशीच उभ्या होत्या, पहाऱ्यावर. मूळ कृतीत तीन अंडी होती. मी एका अंड्याऐवजी पाव कप दही, म्हणजे चार टेबलस्पून, या हिशोबाने पाऊण कप दही मोजलं. "केळं का नाही घालत?" आत्याबाईंचा पहिला प्रश्न. केळ्याचंही माप तेच: कुस्करून पाव कप, म्हणजे मध्यम आकाराचं साधारण अर्धं केळं. तीन अंड्यांना दीड केळं. "मग उरलेलं अर्धं?" त्यांनी विचारलं. ते मी खाईन म्हटलं, तर त्यांना माझ्या हेतूबद्दलच शंका आली.

केळं मी टाळलं ते वेगळ्याच कारणाने. एका अंड्यापुरतं ते चालतं. तीन अंड्यांच्या जागी घातलं की केक मध्ये चिकट राहतो, रंग तपकिरी होतो, आणि व्हॅनिला केक मागणाऱ्या पोरीला भाजलेलं शिकरण मिळतं. जवसाचं म्हणाल, तर एक टेबलस्पून पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवली की एका अंड्याएवढा चिकटपणा येतो. पण केक फुगवण्याचं काम जवस करत नाही, आणि पांढऱ्या केकात ठिपके दिसतात ते दिसतातच.

दह्याचं बरं असतं, कारण त्यातला आंबटपणा सोड्याला भेटला की वायू तयार होतो आणि केक वर येतो. दीड कप मैद्याला मी अर्धा चमचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर घातली, चमचा म्हणजे मापाचा, चहाचा नव्हे. पातळ दही असतं तर पाणी आधी गाळून घ्यावं लागलं असतं. सोडा जास्त झाला तर केकला साबणासारखी चव येते.

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "आता हे झाकून ठेव तासभर. मुरू दे." मी म्हटलं, "आत्या, हा ढोकळा नाही. सोडा आत्ताच फसफसायला लागलाय, तासाभराने त्यातला दम निघून जाईल." त्या म्हणाल्या, "सगळं आंबवून खाल्लेलं आमच्या पिढीने." खाल्लं असेल. पण मैदा मिसळल्यावर फार ढवळायचं नसतं, लगेच भांड्यात ओतून तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचं असतं. जास्त ढवळलं की केक चिवट होतो. अंडं नसल्यावर तर ते लवकर जाणवतं. हे मी त्यांना तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी झाकण पुढे केलं.

तर, संध्याकाळचा वास. मी म्हटलं, "आत्या, सकाळी तुम्ही पाहिलंत ना, दही होतं."

"पाहिलं. पण वास येतोय."

"तुम्ही आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. वास कसा ओळखला?"

"खाल्लं नाही म्हणूनच तर लगेच कळतो!"

यावर काय बोलणार? मी स्वयंपाकघरातून व्हॅनिला इसेन्सची बाटली आणली, बूच काढलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. मग विजयी मुद्रेने जावेकडे वळल्या. "हेच ते! बघ, बाटलीत भरून विकतात. अंड्याचं अत्तर!"

बेकरीतल्या अंड्याच्या केकातही हाच इसेन्स असतो, म्हणून केकचा वास तो अंड्याचा वास, असा त्यांचा हिशोब. कच्च्या अंड्याला उग्र वास असतो आणि तो झाकायला व्हॅनिला घालतात, हे खरं सांगितलं तर आणखी फजिती, म्हणून मी गप्प बसले. सासूबाई हसल्या, मला मात्र हसू आलं नाही. आदल्या रात्री दही लावण्यापासूनची मेहनत एका नाकाने मातीत घातली होती.

बरं, बशी परत आली ती रिकामी. वर आत्याबाईंनी दोन तुकडे डब्यात भरून घेतले, "नातवासाठी".

परवा त्यांचा फोन आला. नातवाच्या मुंजीनंतरच्या जेवणाला जॅम लावून गुंडाळलेला तो रोल हवाय, पन्नास माणसांना, अर्थातच बिनअंड्याचा. त्या रोलचा सगळा हलकेपणा अंडी फेटून भरलेल्या हवेत असतो. दही तशी हवा धरून ठेवत नाही, केळं तर नाहीच. मी स्पष्ट सांगितलं की त्या मापाने तो होणार नाही, गुंडाळताना तडकेल.

"मग अत्तर जरा जास्त घाल," आत्याबाई म्हणाल्या.