डॅशबोर्ड हिरवागार कसा ठेवावा

प्रोजेक्ट मॅनेजर झालात? अभिनंदन! आता काम पुरं होतंय की नाही याची काळजी सोडा, ती डेव्हलपर मंडळी करतील. तुम्ही फक्त डॅशबोर्ड हिरवा ठेवायचा. आमच्या साहेबांचा परवाच्या रिलीजपर्यंत इतका हिरवा होता की त्यावर गुरं चरायला सोडता आली असती.

लाल, पिवळा, हिरवा हा रंग हातानेच निवडायचा असतो, तेव्हा कुणाला विचारत बसू नका.

रोजच्या स्टँडअपमध्ये "कुणाला काही अडचण?" हे विचारून उत्तराआधीच "छान, चला पुढे" म्हणा.

खरी कला आहे ती फिल्टरमध्ये. जिरात आमच्या साहेबांनी लावलेला हा नमुना वहीत उतरवून घ्या:

```
project = PAY AND sprint in openSprints() AND updated >= -14d
```

म्हणजे चालू स्प्रिंटमधलं आणि गेल्या १४ दिवसांत कुणी हात लावलेलं, तेवढंच दाखव. दिसायला किती शहाणपणाचं! आता याची करामत बघा. नव्या पेमेंट सेवेसाठी प्रॉडक्शन सर्व्हरवरून गेटवेकडे जाणारा ४४३ पोर्ट फायरवॉलमध्ये उघडून हवा होता. ते काम नेटवर्क टीमचं. आमच्या एका डेव्हलपरने पहिल्याच स्प्रिंटमध्ये तिकीट ब्लॉक्डमध्ये टाकलं, साहेबांना टॅग केलं आणि लिहिलं, "नेटवर्क टीमची मंजुरी लागेल, कृपया पाठपुरावा करा." साहेबांनी त्यावर अंगठा उमटवला. तो डेव्हलपर पुढे दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. स्प्रिंट बंद करताना जिरा विचारतं, उरलेली तिकिटं पुढच्या स्प्रिंटमध्ये घालू की बॅकलॉगमध्ये? साहेबांनी बॅकलॉग निवडलं. झालं, तिकीट चालू स्प्रिंटमधून गेलं. ते कुणी खेचून परत आणलं असतं तरी १४ दिवस हात लागला नाही की दुसऱ्या अटीने ते पुन्हा गळालंच असतं. विसरलेलं तिकीट विसरलं गेलंय म्हणूनच दिसत नाही, अशी ही सोय.

टक्केवारीचाही फायदा होतो. ६३ पैकी ६२ पूर्ण असती तर कुणीतरी विचारलं असतं, राहिलेलं एक कुठलं? पण ते एक मोजणीतच नसेल तर ६२ पैकी ६२, शंभर टक्के! वरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

चाचण्याही हिरव्या होत्या बरं का. टेस्ट सर्व्हरवर गेटवेच्या जागी आमचाच नकली गेटवे बसवलेला होता, तो सगळ्याला हो म्हणतो. फायरवॉलशी त्याचा संबंधच नाही.

मग रिलीजची रात्र. पहिलं खरं पेमेंट केलं, चक्र फिरत राहिलं आणि लॉगमध्ये आलं `connection timed out`. समोरचा सर्व्हर पोचण्यासारखा असून तिथे ऐकणारं कुणी नसतं, तर बहुधा लगेच `connection refused` आलं असतं. इथे आमची हाक कुणीतरी वाटेतच गिळत होतं, म्हणून संशय फायरवॉलवर गेला. शोधता शोधता बॅकलॉगच्या तळाशी ते तिकीट सापडलं, अजून ब्लॉक्ड, साहेबांच्या अंगठ्यासकट. नेटवर्क टीमचा माणूस शांतपणे म्हणाला, "अर्जच आलेला नाही. आमचे बदल आठवड्यातून एकदाच होतात, आता पुढच्या वेळी." कुठून, कुठे, कुठला पोर्ट आणि कुणाची मंजुरी, एवढाच तो अर्ज. पहाटे सगळं मागे फिरवलं.

आणि सकाळी साहेब विचारतात, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

सांगितलं होतं हो! तुमच्या नावाला टॅग करून, लेखी, पहिल्या स्प्रिंटमध्ये! अजून कसं सांगायचं, दवंडी पिटून? अडलेलं तिकीट सोडवायला डेव्हलपर नेटवर्क टीमच्या दारात उभा राहिला तर "प्रोसेसने या" म्हणून त्याला परत पाठवतात. तो फोन तुम्हीच करायचा असतो. त्याचाच पगार घेता तुम्ही. हे घ्या आणि डॅशबोर्डवर सगळ्यात वर लावा:

```
project = PAY AND status = Blocked AND NOT status CHANGED AFTER -7d
```

यात स्प्रिंटची अट नाही, कारण अडलेलं काम बॅकलॉगमध्ये ढकललं तरी अडलेलंच असतं. `updated` सुद्धा नाही, कारण कुणी "काही अपडेट?" एवढं खरडलं तरी ती तारीख ताजी होते आणि तिकीट पुन्हा लपतं. सात दिवसांहून जास्त ब्लॉक्डमध्ये पडलेलं प्रत्येक तिकीट इथे येईल. ते उघडा, नुसता अंगठा उमटवू नका, वाचा. कुणाकडे अडलंय ते बघा आणि त्या माणसाला फोन लावा.

आणि ती उद्याची मूळ कारण शोधण्याची मीटिंग. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात 'जबाबदार' या रकान्यात प्रोजेक्ट सोडून गेलेल्या त्या डेव्हलपरचं नाव आहे. ते आधी खोडा.