‘सेम सॉल्ट’ आणि मावशीची सव्वा गोळी

“जेनेरिक गोळीत २० टक्के औषध कमी असतं, कायद्यानेच तशी सूट दिलीय. ब्रँड म्हणजे मूळ औषध, जेनेरिक म्हणजे नक्कल. केमिस्ट ‘सेम सॉल्ट आहे’ म्हणाला की समजा, फसवतोय. सगळ्यांना पाठवा!”

सगळ्यांना म्हणजे माझ्या मावशीलाही. तिने ते वाचलं आणि बीपीची एक गोळी घ्यायची ती सव्वा घ्यायला लागली. “अगं, वीस टक्के भरून काढायला नको का?” चार दिवस दुसऱ्या गोळीचा पाव तुकडा सुरीने कापणं चालू होतं. मी फार्मसी शिकलेली, आणि घरात ही तऱ्हा.

आधी ते २० टक्के. ते ज्यावरून आले ती ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा खरी आहे, पण ती गोळीत किती औषध भरलंय याची नाही. ते प्रमाण वेगळं तपासतात. ही मर्यादा बायोइक्विव्हॅलन्सच्या, म्हणजे दोन गोळ्या शरीरात सारख्याच उतरतात का हे पाहणाऱ्या चाचणीतली. त्याच माणसांना मूळ औषध आणि जेनेरिक यांतली आधी एक गोळी देतात, काही दिवस थांबून दुसरी देतात आणि दर थोड्या वेळाने रक्त घेऊन दोन्ही वेळी औषध किती चढलं ते मोजतात. मग दोन्हींचं गुणोत्तर काढतात. माणसागणिक फरक पडतोच, म्हणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना अंदाजाचा एक पट्टा धरतात. हा सगळा पट्टा ८० ते १२५ च्या आत बसला पाहिजे. सरासरीच ८० वर आली तर पट्ट्याचा अर्धा भाग बाहेर जातो आणि गोळी नापास होते. अमेरिकेच्या एफडीएने १९९६ ते २००७ मधल्या २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मूळ औषध आणि जेनेरिक यांच्या रक्तातल्या पातळीत सरासरी फरक निघाला साधारण ४ टक्के. तोही कधी कमी, कधी जास्त.

हे आकडे अमेरिकेचे आहेत, मान्य. आपल्याकडे पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना ही चाचणी सक्तीची झाली ती २०१७ मध्ये, म्हणजे उशिराच. पण म्हणून ‘कायद्याने २० टक्के कमी’ हे खरं होत नाही.

‘ब्रँड म्हणजे मूळ’ याला दोन ओळी पुरेत. आपल्या दुकानातले बहुतेक ब्रँड हे स्वतःच जेनेरिक असतात. औषध शोधणारी कंपनी वेगळी, हे फक्त त्याला आपलं नाव देऊन विकतात.

आता ‘सेम सॉल्ट’. इथे मात्र त्या मेसेजमध्ये अर्धं खरं सापडलं, याचा मला रागच आला.

मावशीला रात्री धडधडत होतं, म्हणून तर तिला ते २० टक्के पटले. मी चिठ्ठी आणि स्ट्रिप शेजारी ठेवून पाहिली. चिठ्ठीवर मेटोप्रोलॉल सक्सिनेट एक्सएल ५०, सकाळी एक. स्ट्रिपवर मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५०. केमिस्टच्या बोलीत ‘सॉल्ट’ म्हणजे औषधाचं मूळ नाव, म्हणजे मेटोप्रोलॉल. तेवढ्यापुरतं सेम. पण रसायनात सॉल्ट म्हणजे त्या नावापुढचा शब्द, आणि तोच इथे बदलला होता. सक्सिनेटची एक्सएल गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडते. टार्ट्रेटची साधी गोळी लवकर सुटते आणि तिचा जोर काही तासांत ओसरतो, म्हणून ती बहुधा दिवसातून दोनदा देतात. मावशी मात्र चिठ्ठीप्रमाणे एकदाच घेत होती. सकाळी सव्वा घेऊन रात्रीचा रिकामा वेळ कसा भरणार?

गंमत म्हणजे योग्य स्ट्रिपवर ४७.५ मिग्रॅ छापलेलं असतं. ते पाहून तिला पुन्हा ‘बघ, कमीच!’ वाटलं असतं. पण टार्ट्रेटचा जोड वजनाला थोडा जड असतो. ४७.५ सक्सिनेट आणि ५० टार्ट्रेट, दोन्हींत नुसतं मेटोप्रोलॉल साधारण ३९ मिग्रॅच.

फसवणूक म्हणायची का? मी निष्काळजीपणा म्हणेन. औषध नियमावलीतला ६५(११अ) हा नियम सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्स या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या याद्यांतल्या औषधाऐवजी दुसरी तयार गोळी द्यायची नाही, घटक तोच असला तरी. मेटोप्रोलॉल शेड्यूल एचमध्येच येतं. केमिस्टने आधी डॉक्टरांना फोन करायला हवा होता.

तो फोन शेवटी मी केला. डॉक्टरांनी पाव तुकडे बंद करून एक्सएलच घ्यायला सांगितलं आणि जेनेरिकला हरकत नाही म्हणाले. मावशीने नवी स्ट्रिप उजेडात धरून मोठ्याने वाचली, “मेटोप्रोलॉल, सक्सिनेट, प्रोलाँग्ड रिलीज.” मग चष्मा काढून विचारलं, “आणि ही जेनेरिकच ना?” मी हो म्हटलं. सुरी तिने स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवली.