पाय दिसले म्हणून दोरी लावू नका : अडलेल्या गाईच्या मेसेजला उत्तर

"गाय विताना वासराचे पाय दिसले की डॉक्टरची वाट बघत बसू नका. लगेच दोरी बांधा आणि चार गडी लावून ओढून काढा. कळा कमी पडत असतील तर मेडिकलमधून कळांचं इंजेक्शन आणून टोचा. डॉक्टर येईपर्यंत वासरू आतच मरतं. शेतकरी बांधवांनो, पुढे पाठवा."

सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज ज्याने लिहिला, त्याचा हेतू वाईट नसेल. पण तो वाचून रात्री कुणी गोठ्यात दोरी घेऊन गेलं, तर गाय आणि वासरू दोन्ही हातचे जाऊ शकतात. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ती "लगेच"ची घाई. पाणमोट दिसली की घड्याळात वेळ बघून ठेवा, सगळा हिशेब तिथून सुरू होतो. आधी वेत झालेली गाय साधारण तासाभरात मोकळी होते, पहिलारू कालवडीला दोन तासही लागतात. या वेळात कळ आली की पाय बाहेर येतात आणि कळ ओसरली की आत जातात. बघणाऱ्याला वाटतं गाय अडली, पण खरं तर वाट मोकळी होत असते. गर्भपिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आधी ओढलं तर ते फाटतं, रक्तस्राव होतो आणि गाय पुढे गाभण राहायची मुश्कील होते. मात्र जोरदार कळा देऊनही अर्ध्या तासात वासरू तसूभर पुढे सरकलं नाही, तर नुसतं बघत थांबायचं नाही. हात स्वच्छ करून आत तपासायचं.

या तपासण्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि सगळं अडतं ते इथेच. सिन्नर तालुक्यातल्या एका गोठ्यातली पहिलारू एचएफ कालवड बघा. रात्री दोनला पाणमोट फुटली, अडीचला दोन पाय दिसले, खुरांचे तळवे जमिनीकडे. सव्वातीन वाजले तरी पाय तिथेच. मुलगा कासरा घेऊन आला, पण त्याच्या आईने त्याला थांबवलं, कारण पायांमागे नाकपुडी कुठेच दिसत नव्हती. तिने नखं काढली, कोपराच्या वरपर्यंत हात साबणाने धुतला, कालवडीची निरण धुतली, लांब हातमोजा चढवला आणि कळ ओसरल्यावर हात आत घातला.

आधी तिने पाय कुठले ते ओळखलं. खुराच्या वरचा सांधा आणि त्यापुढचा सांधा एकाच दिशेने वाकले तर पाय पुढचे, उलट दिशांनी वाकले तर मागचे. हे पुढचे होते. मग गुडघ्यांवर तोंड टेकलेलं लागायला हवं होतं. तिच्या हाताला लागली ती वळलेली मान, आणि खूप आत, बरगडीकडे, एक कान. डोकं मागे फिरलं होतं. अशा वेळी पाय ओढले की छाती पुढे येऊन कमरेच्या हाडांत रुतते, मान आणखी दुमडते आणि डोकं सरळ करायला जागाच उरत नाही. तिने दोन खुरांच्या बेचक्यात चिमटा काढला, वासराने पाय आखडला. म्हणजे जिवंत होतं. तिने डॉक्टरांना फोन केला आणि कालवडीला उभं ठेवलं, कारण गाय उभी असली की वासरू थोडं आत सरकतं आणि दाब कमी होतो.

डॉक्टरांनी आल्यावर शेपटीच्या मुळाशी भूल देऊन कळांचा जोर थांबवला, वासरू मागे ढकललं आणि तोंड हाताच्या पंजात धरून सरळ केलं. दोरी त्यानंतर लागली. वासरू जिवंत निघालं.

खुरांचे तळवे आभाळाकडे असतील तर वासरू बहुतेक पायाळू, म्हणजे मागच्या पायांनी येणारं असतं. तेही निघतं, पण त्याचा पुठ्ठा बाहेर आला की नाळ हाडात दाबली जाते आणि डोकं अजून आतच असतं. तिथून पुढे थांबता येत नाही, म्हणून दोरी लावायच्या आधीच डॉक्टर जवळ असलेले बरे. नुसती शेपटी हाताला लागली, एकच पाय आला, किंवा डोकं आलं आणि पाय नाहीत, तर ओढायचं नावच काढू नका.

आता ते चार गडी. दोन माणसांच्या ताकदीने जे येत नाही ते चौघांनी ओढायचं नसतं, ट्रॅक्टर लावायचा तर विचारही नको. पुढचे पाय आणि डोकं जागेवर असेल तर आधी एकेक पाय हलक्या हाताने ओढून बघा. खुरावरचा सांधा निरणाबाहेर चार बोटं आला, तर खांदा हाडांतून पार झाला असं समजावं. तो तिथवर येतच नसेल तर वासरू वाटेपेक्षा मोठं आहे आणि कदाचित पोट उघडूनच काढावं लागेल. इगतपुरी-त्र्यंबककडे लहान चणीच्या डांगी गाईला एचएफचं रेत भरलं, तर ही शक्यता आधीच धरून चाला.

ओढायचं ठरलं तर उकळून घेतलेल्या दोन वेगळ्या दोऱ्या हव्यात. फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर बसवायचा आणि दुसरा अर्धा वेढा सांध्याच्या खाली, म्हणजे सगळा ताण एका जागी येऊन हाड मोडत नाही. आत लिक्विड पॅराफिन भरपूर लावा. साबणाने आतला चिकट ओलावा निघून जातो. गाय कळ देईल तेव्हाच ओढा, ती थांबली की थांबा. एक पाय थोडा पुढे, मग दुसरा, म्हणजे दोन्ही खांदे एकदम अडकत नाहीत. डोकं आणि छाती बाहेर आली की ओढ खाली, गाईच्या मागच्या पायांकडे वळवा.

इंजेक्शनचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ऑक्सिटोसिनने पिशवी जोराने आवळते. तोंड उघडलेलं नसताना किंवा डोकं मागे वळलेलं असताना ती आवळली तर पिशवी फाटू शकते, वासराचा प्राणवायूही तुटतो. शिवाय कळा मंदावण्याचं कारण अनेकदा वेगळंच असतं. जास्त दुधाची गाय, कान थंड, अंगात थरथर, उठायला तयार नाही, तर कॅल्शियम कमी झालेलं असतं. ते शिरेतून सावकाश द्यावं लागतं, घाईने दिलं तर हृदय बंद पडतं. म्हशीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. ती तासन् तास बेचैन असते, ऊठबस करते, पण पाणमोटच दिसत नाही. अशा वेळी पिशवीला पीळ पडल्याची शंका धरायची. आत हात घातला तर वाट मळसूत्रासारखी फिरत गेलेली लागते. तो पीळ इंजेक्शनने सुटत नाही आणि ओढूनही सुटत नाही. डॉक्टर म्हशीला विशिष्ट बाजूने लोळवून तो सोडवतात.

डॉक्टर येईपर्यंत वासरू मरतं, हे कधी खरं ठरतं? ओढाताण करून हरल्यावर फोन केला तर. पहिल्या तपासणीत काही वेडंवाकडं लागलं की तेव्हाच फोन करा. सगळं सरळ असूनही वीस-तीस मिनिटांच्या प्रयत्नात वासरू पुढे सरकलं नाही तरी करा. घाण वास किंवा ताज्या रक्ताची धार असेल तर तपासत बसू नका. पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हा टोल-फ्री नंबर आहे. रात्रीसाठी जवळच्या डॉक्टरांचा नंबर गाय आठव्या महिन्यात गेली की गोठ्यात लिहून ठेवा. फोनवर नुसतं "गाय अडलीय" म्हणू नका. पाणमोट किती वाजता फुटली, कितवं वेत, किती पाय दिसतात, तळवे वर की खाली, नाक लागतं का, चिमट्याला वासरू पाय आखडतं का, आणि कुणी ओढून किंवा टोचून झालंय का, एवढं सांगा. डॉक्टर कुठली हत्यारं घेऊन निघणार, ते यावरच ठरतं.