अकरा लाख, आणि तेही सुटे

"ताई, वार्षिक सभेत वाचलेल्या हिशेबात साडेतीन लाख शिल्लक दिसते, तरी गेल्या वर्षी मावश्यांना जूनचा पगार वीस जुलैला मिळाला. तुम्ही तिकडच्या संस्था बघता. आमच्यासारख्या देणग्यांवर चालणाऱ्या वृद्धाश्रमाच्या हातात नेमके किती पैसे असले म्हणजे पुरे?"

१ एप्रिलला अकरा लाख, आणि लागतील तेव्हा काढता येतील असे. विचारणारी माझी मामेबहीण मनी. धायरीच्या पुढे एका वृद्धाश्रमाची ती विश्वस्त आहे आणि तिथे चाळीस आजी-आजोबा राहतात. मी लेस्टरमध्ये एका लहानशा संस्थेची खजिनदार आहे. तिने पाठवलेली वर्षभराची वही मी तीन रात्री घेऊन बसले होते. खालचे आकडे त्याच वहीतले आहेत, फक्त गोल केलेत.

खर्च सरळ आहे. महिन्याला सहा लाख, म्हणजे दिवसाला वीस हजार. त्यात निम्म्याच्या आसपास पगार. जेवण दीड लाखाचं, कारण चाळीस रहिवासी आणि तिथेच जेवणारे बारा कर्मचारी मिळून बावन्न पानं रोज पडतात. औषधं, डॉक्टर आणि डायपर यांचे सत्तर हजार. नऊ जण अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना दिवसाला तीन-तीन डायपर लागतात आणि एक पस्तीस रुपयांना पडतो. म्हणजे डायपरचेच अठ्ठावीस हजार. बाकी वीज, गॅस, उन्हाळ्यातले टँकर आणि दुरुस्त्या. यातलं काहीही पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही.

पंधरा जण दरमहा आठ हजार देतात, त्याचे एक लाख वीस हजार होतात. बाकीचे पंचवीस जण विनामूल्य आहेत. म्हणजे देणग्यांतून महिन्याला चार लाख ऐंशी हजार यायला हवेत, वर्षाला साडेसत्तावन्न लाख. गेल्या वर्षी देणग्या आल्या एकसष्ट लाख. सभेत टाळ्या पडल्या त्या याच आकड्यावर.

पण त्या एकसष्टमधले सहा लाख कायम निधीसाठी होते. देणगीदाराने तसं लिहून दिलेलं, त्यामुळे मुद्दलाला हात लावायचा नाही. रोजच्या खर्चासाठी उरले पंचावन्न. म्हणजे वर्ष शिलकीचं नव्हतंच, अडीच लाखांच्या तुटीचं होतं. पत्रकात सगळी आवक एका ओळीत बेरीज करून वाचली, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

ही तूट मात्र लहान दुखणं आहे. मोठं दुखणं पैसा कधी येतो यात आहे. पितृपक्षात सात लाख, दिवाळीच्या दोन महिन्यांत एकोणीस, मार्चमध्ये निधी वगळून आठ. उरलेल्या आठ महिन्यांत सरासरी दोन लाख साठ हजार. अशा प्रत्येक कोरड्या महिन्यात सव्वादोन लाख कमी पडतात. आता एप्रिलपासून बोटावर मोजा. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट: सलग पाच महिने पुरेशी आवक नाही. पाच गुणिले सव्वादोन म्हणजे अकरा लाख. पितृपक्ष सुरू होईपर्यंत हा खड्डा खोल होत जातो आणि दिवाळीनंतर कुठे भरून निघतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत परत खड्डा पडतो, पण तो इतका खोल नसतो. अकराचा आकडा आला तो असा. "सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवा" असं सगळीकडे सांगतात. इथे त्याचे छत्तीस लाख होतील, आणि छत्तीस लाखांचं नाव काढलं की विश्वस्त वही मिटून ठेवतात.

गेल्या वर्षी १ एप्रिलला हातात पाच लाख होते. जूनअखेर ते संपले. सात लाखांची ठेव होती, पण ती मोडायला दोन विश्वस्तांच्या सह्या लागतात आणि एक जण मुलाकडे अमेरिकेला गेलेले. बँकेचं ओव्हरड्राफ्ट घ्या, असं कुणीतरी सुचवलं. ट्रस्टला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ते काही आठवड्याभरात होणारं काम नाही. सही मिळाली, ठेव मोडली, पगार झाला वीस तारखेला.

बहिणीने वहीबरोबर एक फोटो पाठवला होता. तळमजल्यावरच्या लांब खोलीत एक मावशी आजोबांना कुशीवर वळवते आहे, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि पलंगाच्या दांडीला खडूने वेळा लिहिलेल्या: आठ, दहा, बारा, दोन. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. या मावशींना चौदा हजार पगार. त्या जुलैत त्यांनी भिशीतून उचल घेऊन घरभाडं भरलं आणि ऑगस्टमध्ये नोकरी सोडली. आणखी एकीने सोडली. त्यांच्या जागी ब्युरोच्या बाया आणाव्या लागल्या, पाळीला नऊशे रुपये, महिन्याला सत्तावीस हजार. दोन जणी, दोन महिने: बावन्न हजार जास्तीचे गेले. पगार वीस दिवस लांबल्याची ही किंमत, आणि हिशेबात ती "रुग्णसेवा" या शीर्षकाखाली दिसते. कुठल्याही संस्थेचं गणित ढासळतंय का हे पाहायचं असेल तर मी आधी पगाराच्या तारखा बघते. शिल्लक नंतर.

पुढचा भाग वाचून मला खरंच वाईट वाटलं. दिवाळीत पैसे आल्यावर विश्वस्तांनी पाच लाखांची ठेव पुन्हा केली, एक वर्षाची, येत्या नोव्हेंबरला पिकणारी. म्हणजे जेव्हा पैशाची गरजच नसते त्या महिन्यात. यंदा १ एप्रिलला खात्यात होते चार लाख चाळीस हजार. ठेव धरली तर नऊ लाख चाळीस हजार. गरज अकरा लाखांची. खरी उणीव दीड-पावणेदोन लाखांचीच आहे, पण ठेवीची तारीख चुकल्यामुळे जूनचा पगार परत अडणार.

आश्रमाच्या खजिनदार बाई फोनवर म्हणाल्या, "पैसे ठेवून घेता येत नाहीत हो, मार्चच्या आत खर्चावे लागतात, नाहीतर कर बसतो." निम्मं बरोबर आहे. ट्रस्टने उत्पन्नाच्या ८५ टक्के त्याच वर्षी कामावर लावायचे असतात. उरलेले १५ टक्के काहीही अर्ज न करता ठेवता येतात, आणि त्याहून जास्त ठेवायचे तर कारण देऊन अर्ज भरायचा. यांचं निधी सोडून उत्पन्न एकोणसत्तर लाख, त्याचे १५ टक्के सव्वादहा लाख. म्हणजे कायदा आड येत नाही. मार्चअखेर घाईने विकत घेतलेला दुसरा वॉशिंग मशीन आड येतो.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तर एकाने भलतंच उत्तर दिलं. वृद्धाश्रम असावेतच कशाला, मुलांनी सांभाळावं, तुम्ही परदेशात जाऊन बसता म्हणून ही वेळ. मी त्याच्याशी भांडले नाही, कारण माझी आई शेवटची दोन वर्षं माझ्याविना होती आणि ते मला बोचतं. पण त्या पंचवीस विनामूल्य रहिवाशांपैकी परदेशात मूल असलेला एकही नाही. बहुतेकांना मूलच नाही, नाहीतर मूल स्वतःच भाड्याच्या एका खोलीत राहतं. दुसरीने सासूबाईंच्या आश्रमाची फी वाढल्याची तक्रार केली आणि विचारलं, तिकडे सरकार सगळं करतं ना? नाही करत. इंग्लंडमध्ये तेवीस हजार दोनशे पन्नास पौंडांहून अधिक पुंजी असेल तर केअर होमचा खर्च स्वतःच करायचा, आणि त्या पुंजीत बऱ्याचदा राहतं घरही धरतात. इथून उचलण्यासारखं आहे ते वेगळंच. इथे देणगीदार पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून दहा पौंड आपोआप जाऊ देतो, वर्षानुवर्षं. आणि हाताशी किती रक्कम का ठेवली, हे संस्था वार्षिक अहवालात उघड लिहितात. शिल्लक दाखवली तर देणगी आटेल, ही पुण्यात ऐकलेली भीती इथे कमी दिसते.

पुण्यात यूपीआय ऑटोपे आहे. पाचशे रुपये महिना देणारे दोनशे जण मिळाले तर महिन्याला एक लाख येतील, जूनमध्येही येतील. चार-दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये करसवलतीसाठी देणारे नोकरदार खूप होते. नव्या करपद्धतीत देणगीवरची वजावट मिळत नाही, म्हणून त्या मार्चच्या पैशावर पूर्वीइतकं विसंबू नये.

आता आपल्या तिथींबद्दल. कार्यालयात फळ्यावर वर्षाच्या तारखा आखल्या आहेत, पाच हजारांत एक दिवसाचं अन्नदान. वर्षात ३२० तिथी भरतात, सोळा लाख येतात, जेवणाचा अठरा लाखांचा खर्च जवळजवळ निघतो. यात वाईट काही नाही. पण दिवसाचा खर्च वीस हजार आहे आणि फळा त्याचा चौथा भागच दाखवतो. कूस बदलणाऱ्या हातांची तिथी कुणी घेत नाही. अन्नदान म्हणून घेतलेला पैसा पगाराला वळवणं बरोबर नाही, म्हणून फळ्यावरचे आणि पावतीवरचे शब्दच बदलावेत: "एक दिवसाचा खर्च, वीस हजार, पाव दिवस, पाच हजार." रक्कम तीच, मोकळीक जास्त. बहिणीला धास्ती आहे की आजोबांच्या श्राद्धाला अन्नदानच हवं असणारे दुसरीकडे जातील. काही जातील, मलाही तसंच वाटतं. किती, ते फळा बदलल्याशिवाय कळणार नाही.

फी देणारे पंधराचे वीस केले तर वर्षाला चार लाख ऐंशी हजार वाढतील आणि तूट मिटेल. पाच विनामूल्य खाटा मात्र जातील. विश्वस्तांत यावर दोन तट आहेत आणि मी कुठल्या बाजूची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी स्वतः पैसे पाठवू शकत नाही. माझा पासपोर्ट आता ब्रिटिश आहे, त्यामुळे माझी देणगी परदेशी अंशदान ठरते. त्यासाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. यांची नोंदणी नाही. खजिनदार बाईंनी त्यावरून कुठल्याच एनआरआयकडून पैसे घेणं बंद केलं होतं. तेवढं करायची गरज नाही: भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ते परदेशी अंशदान नाही. माझ्या भाच्याचा पासपोर्ट भारतीयच आहे. त्याने जूनपासून महिना तीन हजार सुरू करतो म्हटलंय.

आणि मने, ती पाच लाखांची ठेव आत्ता मे महिन्यातच मोड. एक टक्का दंड धरला तरी अडीच हजारांच्या आसपास जातील. सव्वादोन लाखांचे दोन तुकडे कर, एक २५ जूनला मोकळा होईल असा, दुसरा २५ जुलैला. उरलेले पन्नास हजार खात्यात राहू देत. ऑगस्टच्या पगाराला तरीही दीड-दोन लाख कमी पडतील, ते मिळवायला तुला तीन महिने आहेत. आणि अमेरिकेला निघणाऱ्या विश्वस्तांची सही विमानात बसायच्या आधी घे.