एमआरआयमधले ठिपके आणि वहिनीची ऍस्पिरिन

"एमआरआयमध्ये व्हाइट मॅटर स्पॉट किंवा स्मॉल व्हेसल चेंज लिहिलं असेल तर समजा, छोटे अटॅक येऊन गेलेत. डोकेदुखी त्यामुळेच. पुढे स्मृती जाणार. आजच ऍस्पिरिन सुरू करा आणि बीपी तपासा."

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या वहिनीने हा मेसेज वाचला आणि मेडिकलवरून ऍस्पिरिन आणून आठ दिवस घेतली. वय 47, अर्धशिशी पंचविशीपासून. मी रोज एमआरआय वाचतो, तरी तिने मला विचारलं नाही, म्हणून राग जास्त.

आधी ऍस्पिरिन, कारण खरं नुकसान तिथे आहे. डोकं दुखतं म्हणून वहिनी आठवड्यातून चार दिवस वेदनाशामक घेतच होती, त्यावर ही. दोन्ही मिळून जठरातून रक्तस्राव करू शकतात. 2018 साली आलेल्या ॲस्प्री अभ्यासात निरोगी वृद्धांना रोज ऍस्पिरिन देऊन पाहिली. फायदा दिसला नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. नुसत्या ठिपक्यांसाठी ती देऊ नये, असंच युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनचंही मार्गदर्शन आहे. ज्यांना खरा पक्षाघात झालाय किंवा स्टेंट बसवलाय, त्यांनी मात्र हे वाचून आपली गोळी थांबवू नये.

आता "अटॅक". वहिनीची फिल्म मी खिडकीशी धरून पाहिली. फ्लेअर नावाच्या एमआरआयच्या चित्रांवर मेंदूच्या कपाळामागच्या भागात पाच-सहा पांढरे ठिपके, प्रत्येक तीन-चार मिलिमीटरचा. ताजा पक्षाघात डिफ्यूजन नावाच्या दुसऱ्या चित्रांवर चमकतो, इथे काहीच चमकत नव्हतं. जुना असता तर मधे काळी पोकळी आणि भोवती पांढरी कड दिसली असती, तीही नव्हती. असे ठिपके अर्धशिशीतही दिसतात आणि वयानेही येतात. म्हणूनच रिपोर्टात "बहुधा" स्मॉल व्हेसल चेंज असं लिहितात. तो शब्द मेसेजवाल्याने गाळला. ठिपके डोकं दुखवत नाहीत, वहिनीचं डोकं त्यांच्या कितीतरी आधीपासून दुखतंय. उलट महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या की त्यांच्यामुळेच डोकेदुखी वाढते, आणि वहिनी त्या हद्दीवर होती.

स्मृतीचं अर्धसत्य मानावं लागेल. फझेकास नावाची शून्य ते तीन अशी मोजणी आहे. तीन म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झालेले. तिथे पक्षाघात आणि स्मृतिभ्रंशाचा धोका खरोखर वाढतो. वहिनीची श्रेणी एक. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात अर्धशिशीच्या बायकांना नऊ वर्षांनी पुन्हा तपासलं. ठिपके वाढले होते, पण त्यांचा बुद्धीच्या घसरणीशी संबंध सापडला नाही.

बीपीचं वाक्य तेवढं बरोबर. स्मॉल व्हेसल म्हणजे मेंदूतल्या बारीक नसा, त्यांना सगळ्यात जास्त बीपीच दुखवतं. वहिनीचं आठवडाभर घरी, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसवून मोजलं, तर 150 आणि 94 च्या आसपास येत राहिलं. ऍस्पिरिन डॉक्टरांनी बंद केली, बीपीची गोळी सुरू केली, आणि वेदनाशामक किती वेळा घेतली ते आता ती कॅलेंडरवर लिहिते.