ईवी म्हणजे तिकडेच

इटालियन मी हौसेने शिकले. दोन वर्षं क्लासला गेले, स्वप्नात रोम, हातात कॉफी, असं सगळं रीतसर चाललं होतं. प्रत्यक्षात त्या भाषेने मला दिल्या त्या तळटीपा. एका त्रैमासिकाच्या गोवा विशेषांकासाठी कुणा इटालियन प्राध्यापकाचा निबंध मराठीत आणायचा होता. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "मजकूर चौदाच पानांचा आहे हो. बाकी काय, टीपा." त्या 'बाकी काय'मध्ये माझा अख्खा मे महिना गेला.

निबंधाचा नायक फिलिप्पो सास्सेत्ती. फ्लोरेन्सचा व्यापारी, मिऱ्यांच्या व्यवहारासाठी कोचीला आला, आणि १५८८ साली गोव्यात वारला. मधल्या काळात त्याने घरी लांबलचक पत्रं लिहिली. माणूस मला आवडला. त्याच्या पत्रांच्या पुस्तकांनी मात्र छळलं.

सुरुवात शीर्षकापासूनच झाली. एक जुनी छापील आवृत्ती १८५५ची, फ्लोरेन्सच्या ले मोनिये या प्रकाशकाची, पत्रं गोळा करून त्यांवर टिपणं लिहिणारा एत्तोरे मार्कुच्ची. शीर्षक 'लेत्तेरे एदीते ए इनेदीते'. 'एदीते' दिसल्याबरोबर मला इंग्रजीतलं एडिट आठवलं आणि मी ठोकून दिलं, 'संपादित आणि असंपादित पत्रे'. लिहिल्यावर मलाच प्रश्न पडला की असंपादित पत्रं संपादकाने छापली कशी? दुसऱ्या दिवशी कोश उघडला. इटालियनमध्ये एदीतो म्हणजे प्रकाशित. म्हणजे 'प्रकाशित आणि अप्रकाशित पत्रे', त्या पुस्तकात पहिल्यांदाच छापली गेलेली धरून. पुढच्या एका शीर्षकात 'चिंक्वेचेन्तो' आलं. त्याचा शब्दशः अर्थ पाचशे. रात्रीचे साडेबारा वाजले होते, त्यामुळे 'पाचशे फ्लोरेन्टाइन व्यापारी' असं लिहून मी झोपले. सकाळी आईने चहा देताना वाचलं आणि म्हणाली, "पाचशे? एवढे आले होते? मग गोव्यात पोर्तुगीजांना जागा कुठे उरली?" तेव्हा लक्षात आलं. इटालियन लोक शतक सांगताना आधीचं हजार गिळतात. पाचशे म्हणजे पंधराशे अमुक, म्हणजे आपलं सोळावं शतक. माझे पाचशे व्यापारी एका फटक्यात गेले.

संक्षेपांना मी फार घाबरत नव्हते. ज्या भाषेत 'चि. सौ. कां.' आणि 'सा. न. वि. वि.' घेऊन लोक सुखाने जगतात, त्या भाषेतल्या बाईला इटालियन टिंबांचं काय कौतुक? तरी एक-दोन ठिकाणी आपटलेच. 'आ. आ. व्ही. व्ही.' हे मी एका लेखकाचं नाव समजून सूचीत 'आ'खाली टाकलं होतं, दाक्षिणात्य असावेत असं गृहीत धरून. तो 'आउतोरी वारी', म्हणजे 'विविध लेखक'. अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहितात, जसं एका पानाला एक पी आणि पुष्कळ पानांना दोन. 'आ कूरा दी' हे तर लेखकाचं आडनाव असावं इतक्या वेळा येतं. त्याचा अर्थ 'संपादन अमुक यांचं'. नुसता पूर्वोक्त सांगायचा असला की 'चित.' लिहितात, चितातो या शब्दाचं लघुरूप. पाठोपाठ सहा 'चित.' आले की मीही चित.

आता सालेर्नो. टीप होती ती अशी: सास्सेत्ती, 'लेत्तेरे दाल्लींदिया', आ कूरा दी आदेले देई, रोमा, सालेर्नो, १९९५. त्रैमासिकाचे संदर्भनियम एपीए पद्धतीचे होते, आणि तिच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहीतच नाहीत. बाईंचा निरोप आला, "गावं सगळी काढून टाका." मी इमानदारीत रोम काढलं आणि पाठोपाठ सालेर्नोही काढलं. सालेर्नो हे नेपल्सच्या खाली समुद्रकाठचं गाव आहे, नकाशात स्वतः पाहिलं होतं. झालं, पुस्तकाला प्रकाशकच उरला नाही. संध्याकाळी बाईंचा फोन. "अहो, हे छापलं कुणी? स्वयंभू आहे का?" मग उलगडलं की सालेर्नो हे रोममधल्या प्रकाशनसंस्थेचंही नाव आहे. इटालियन टीप गाव, प्रकाशक आणि वर्ष यांमध्ये नुसते स्वल्पविराम देते, त्यामुळे कोण गाव आणि कोण प्रकाशक हे फक्त क्रमावरून ओळखायचं. पहिलं गाव, दुसरा प्रकाशक. दुसऱ्या जागी गाव दिसलं तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा, हे मी भिंतीवर लिहून लावलंय.

पण खरा घात केला तो ईवीने. 'ईवी' म्हणजे 'वरच्याच पुस्तकात, पण पान वेगळं'. पानही तेच असेल तर 'इबीदेम'. मराठीत दोघांनाही आपण 'तत्रैव' म्हणून मोकळे होतो, इटालियन मंडळी मात्र या दोघांत सोवळं पाळतात. निबंधात अकरावी टीप सास्सेत्तीच्या पत्रांची होती, आणि बारा ते सोळा नुसत्या ईवी, ईवी, ईवी. मी त्यांचं 'तत्रैव' करून टाकलं. आणि मग बाईंना वाटलं की वाचकांसाठी अकराव्याखाली आणखी एक टीप हवी. पुढच्या काळात आलेल्या दुसऱ्या इटालियन प्रवाशाची, पिएत्रो देल्ला वाल्लेची. भारतावरचा त्याचा खंड रोममध्ये १६६३ला छापला गेला. त्यांनी ती घातली. संगणकाने पुढचे आकडे निमूट सरकवले. तत्रैव मात्र सरकला नाही. तो शब्द, तो काय सरकणार? तो पूर्वी सास्सेत्तीकडे बोट दाखवत होता, आता देल्ला वाल्लेकडे दाखवायला लागला.

निबंधातला सगळ्यात गाजलेला उतारा त्याच पाच टीपांवर उभा होता. सास्सेत्तीने कोचीहून कळवलं होतं की इथल्या विद्वानांच्या भाषेतले पुष्कळ शब्द आपल्यासारखेच आहेत, देव, साप आणि सहा, सात, आठ, नऊ हे आकडे. संस्कृत आणि इटालियनच्या साम्याची ही फार जुनी नोंद. आता आमच्या प्रुफात ते निरीक्षण देल्ला वाल्लेच्या नावावर गेलं. देल्ला वाल्ले १५८६चा. सास्सेत्ती वारला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. म्हणजे रोममधलं एक बाळ दुपट्यात पडल्यापडल्या संस्कृत आकड्यांवर टिपण करत होतं. सुदैवाने मला साल खटकलं, नाहीतर विशेषांकात ते बाळ छापलं गेलं असतं.

मग आधी प्रत्येक तत्रैव फोडून 'सास्सेत्ती, पत्रे, पूर्वोक्त' असं लिहिलं, बाईंची टीप आत घेतली, आणि सगळी घरं बसली हे पाहून, तिच्या लगेच खालची टीप तशीच ठेवून, बाकीच्यांचे पुन्हा तत्रैव केले. या कामाला दोन दिवस लागले. बाईंना मी सांगितलं ते इतकंच, की सुधारणा झाल्या.

शेवटचं काम शीर्षकांच्या भाषांतराचं होतं. मूळ नाव तसंच ठेवायचं, मराठी अर्थ पुढे चौकटी कंसात. मूळ पुसून नुसतं भाषांतर दिलं, तर कुठल्याच ग्रंथालयात ते पुस्तक सापडत नाही. 'लेत्तेरे दाल्लींदिया'पुढे मी लिहिलं, [भारतातून लिहिलेली पत्रे]. आई प्रूफ वाचत होती.

"म्हणजे इथूनच पाठवलेली ना? मग 'इकडची पत्रे' म्हण की."

"आणि खाली ईवी आहे त्याचं?"

"त्याचा शब्दशः अर्थ काय?"

"तिकडे."

आईने चष्मा काढला. "इकडची पत्रं आणि खाली तिकडेच," ती म्हणाली, "एवढ्यासाठी तू दोन वर्षं क्लासला जात होतीस?"